या चुका टाळा: हाताने ट्रेड करताना डोळे जे पाहतात, ते अल्गोला कोण सांगणार?

हिंजवडीत नोकरी आणि सोबत शेअर बाजार, असं करणारे पुण्यात पुष्कळ आहेत. सव्वानऊला बाजार उघडतो, साडेनऊला टीमचा कॉल असतो, आणि नेमकी तेव्हाच चांगली मूव्ह निघून जाते. पायथॉन येतंच आहे, ब्रोकर एपीआय देतोच आहे, मग दोन शनिवार-रविवार बसून बॉट लिहायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. पण बहुतेक जण ज्या भागाचा बॉट लिहितात तो सोपा असतो आणि जो राहून जातो तो अवघड असतो.

सोपा भाग म्हणजे सिग्नल. दोन मूव्हिंग अ‍ॅव्हरेज एकमेकांना छेदले की खरेदी, हे चार ओळींत होतं. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. हाताने ट्रेड करणारा माणूस स्क्रीनसमोर बसून नकळत दहा गोष्टी तपासत असतो. ऑर्डर गेली का, भरली का, अर्धीच भरली का, स्टॉपलॉस लागला का, जुनी ऑर्डर तशीच पडून आहे का. यातली एकही तपासणी कोडमध्ये आपोआप येत नाही. हाताने आणि अल्गोने ट्रेड करण्यातला खरा फरक इथे आहे. वेगाचा मुद्दा त्या मानाने गौण. एक्स्चेंजच्या को-लोकेशनमध्ये सर्व्हर ठेवणाऱ्या संस्थांशी कोथरूडच्या ब्रॉडबँडवरून शर्यत लावायचीच नाही.

पहिली चूक: उत्तर आलं नाही म्हणजे ऑर्डर गेली नाही असं समजणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वारज्यातल्या एका मित्राचं भांडवल पाच लाख. नियम असा की एका ट्रेडमध्ये अर्ध्या टक्क्याहून जास्त, म्हणजे 2,500 रुपयांहून जास्त गमवायचे नाहीत. शेअर 400 रुपयांना घ्यायचा, स्टॉपलॉस 394 ला. सहा रुपयांची जोखीम, म्हणून 2,500 भागिले 6, म्हणजे 416 शेअर. इथपर्यंत सगळं शिस्तीत.

बॉटने 416 ची ऑर्डर पाठवली. ती ब्रोकरकडे पोचली, एक्स्चेंजवर गेली आणि भरलीही. पण उत्तर परत येताना नेट अडखळलं आणि बॉटला मिळाला टाइमआउट. कोडमध्ये त्याने लिहिलं होतं की एरर आली तर पुन्हा प्रयत्न कर. बॉटने आज्ञा पाळली आणि आणखी 416 शेअर घेतले. इंट्राडे मार्जिनमध्ये पैसे पुरत होते, त्यामुळे दुसरी ऑर्डर नाकारली जायचाही प्रश्न नव्हता.

आता हातात 832 शेअर आहेत, पण बॉटच्या वहीत 416 च. म्हणून स्टॉपलॉसही 416 चाच लागला. भाव 394 ला आला, 416 विकले गेले, बॉटने ‘पोझिशन बंद’ अशी नोंद केली आणि तो शांत बसला. उरलेले 416 शेअर कुणाच्याही पहाऱ्याशिवाय 388 पर्यंत घसरत गेले आणि शेवटी ब्रोकरने दुपारी ते कापले. हिशेब बघा: पहिल्या निम्म्यावर सहा रुपयांनी 2,496, दुसऱ्या निम्म्यावर बारा रुपयांनी 4,992. एकूण 7,488 रुपये. ठरवलेल्या जोखमीच्या तिप्पट, आणि बॉटच्या लॉगमध्ये मात्र सगळं हिरवंगार.

हाताने ट्रेड करणाऱ्याचंही नेट अडकतं. पण तो आधी ऑर्डर बुक उघडून बघतो, मगच पुन्हा बटण दाबतो. बॉटला हेच शिकवायचं आहे. बऱ्याच ब्रोकरांच्या एपीआयमध्ये ऑर्डरला आपली स्वतःची खूण, म्हणजे टॅग, जोडता येतो. प्रत्येक ऑर्डरला वेगळा टॅग द्या आणि टाइमआउट आला की आधी तो टॅग ऑर्डर बुकमध्ये शोधा.

```python
tag = "BRK0942A"
try:
    oid = place_order(qty=416, tag=tag)
except Timeout:
    time.sleep(3)
    oid = find_order_by_tag(tag)
    if oid is None:
        stop_and_alert(tag)
```

फंक्शनची नावं तुमच्या ब्रोकरप्रमाणे बदलतील. शेवटची ओळ मुद्दाम तशी ठेवली आहे: टॅग सापडला नाही तरी ऑर्डर पुन्हा पाठवायची नाही, थांबायचं आणि फोनवर अलर्ट द्यायचा. ऑर्डर उशिरा पोचण्याची शक्यता असते. एक ट्रेड हुकला तर हुकला.

यावर दुसरा पहारा म्हणजे ताळा. दर मिनिटाला ब्रोकरकडची पोझिशन मागवा आणि बॉटच्या नोंदीशी जुळवा. ब्रोकरची पोझिशन कधी कधी एक-दोन सेकंद मागे असते, म्हणून फरक दिसला की लगेच घाबरू नका, काही सेकंदांनी पुन्हा बघा. दोन्ही वेळा फरक दिसला तर नवीन खरेदी बंद आणि फोन वाजवा. वर सांगितलेल्या ट्रेडमध्ये एवढी एकच तपासणी असती, तर जादाचे 416 शेअर मिनिटाभरात सापडले असते. आणि बॉट मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर त्याने आपल्या फाइलवर नव्हे, ब्रोकरच्या पोझिशनवर विश्वास ठेवायचा.

दुसरी चूक: स्टॉपलॉस लावला म्हणजे तो लागलाच असं धरणं

स्टॉपलॉस लिमिट ऑर्डरला दोन भाव असतात. समजा ट्रिगर 394 आणि लिमिट 392. भाव 394 ला आला की ऑर्डर जागी होते आणि 392 पर्यंत विकायला तयार असते. पण एखादी बातमी येऊन भाव धाडकन 390 वर गेला, तर तुमची विक्रीची ऑर्डर 392 वर उभी राहते आणि ग्राहक खाली निघून गेलेला असतो.

ही परिस्थिती ऑर्डरच्या स्टेटसवरून ओळखता येते. आधी ते `TRIGGER PENDING` असतं. ट्रिगर लागल्यावर ते `OPEN` होतं आणि भरल्यावर `COMPLETE`. `OPEN` दहा सेकंदांहून जास्त टिकलं, तर स्टॉपलॉस फसला आहे असं समजून लिमिट खाली आणायची. बॉट जर फक्त `COMPLETE` ची वाट बघत बसला, तर तो बसूनच राहील.

उलटी बाजूही आहे. भाव वर गेला, टार्गेटला विक्री झाली, पण स्टॉपलॉसची ऑर्डर रद्द करायची राहिली. तासाभराने भाव खाली आला की ती जागी होते आणि हातात नसलेले 416 शेअर विकून टाकते. आता तुम्ही शॉर्ट आहात आणि तुम्हाला पत्ताच नाही. म्हणून एक बाजू भरली की दुसरी रद्द करायची, आणि रद्द झाल्याचं स्टेटस बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. अर्धवट भरलेल्या ऑर्डरलाही हाच न्याय. 416 पैकी 150 च भरले असतील तर स्टॉपलॉस 150 चाच.

दुपारी इंट्राडे पोझिशन बंद करायची वेळही ब्रोकरच्या वेळेशी भिडू देऊ नका. तो तीन-वीसच्या आसपास कापत असेल, तर तुमचा बॉट तीन-दहालाच मोकळा व्हायला हवा. दोघांनी एकाच वेळी विकलं तर पुन्हा शॉर्ट.

तिसरी चूक: अर्धी कँडल वाचणं

“बॅकटेस्टमध्ये हा ट्रेड दिसतच नाही, मग लाइव्हला कसा काय घेतला?” हा प्रश्न आला की मी आधी एकच जागा तपासायला सांगतो. पाच मिनिटांची 9:15 ची कँडल 9:20 ला पूर्ण होते. पण 9:17 ला डेटा मागवला, तर शेवटच्या ओळीत तीच कँडल अर्धवट स्वरूपात येऊ शकते. बॉट `df.iloc[-1]` वाचतो, त्याला ब्रेकआउट दिसतो आणि तो खरेदी करतो. 9:20 पर्यंत भाव परत खाली, ब्रेकआउट गायब. बॅकटेस्टने फक्त पूर्ण कँडल बघितली, म्हणून तिथे हा ट्रेड नाही. कँडलचा टाइमस्टँप बघा, ती संपली आहे याची खात्री करा आणि मगच निर्णय घ्या.

बॅकटेस्टमध्ये आणखी एक गोष्ट हमखास सुटते ती म्हणजे खर्च. 416 शेअर घेऊन त्याच दिवशी विकले, तर ऑर्डरमागे 20 रुपये दलाली, विक्रीवर 0.025 टक्के एसटीटी, एक्स्चेंजचं शुल्क, मुद्रांक आणि जीएसटी धरून शंभर रुपयांच्या आसपास जातात. हाताने दिवसाला एखाद-दुसरा ट्रेड होतो. बॉट थकत नाही, तो आठ करेल. आठशे रुपये रोज, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे 16,000. पाच लाखांवर महिना तीन टक्क्यांहून जास्त, तेही नफा-तोट्याआधी. म्हणून दिवसाला कमाल किती ट्रेड, ही मर्यादा कोडमध्ये हवीच.

घरच्या लॅपटॉपचा भरवसा

पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या देखभालीचा वार, हे सांगायला नको. ऑगस्ट 2025 पर्यंत निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरीही गुरुवारीच असायची. आता ती मंगळवारी गेली, तेवढाच दिलासा. सेबीच्या फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकानंतर एपीआयने ऑर्डर पाठवायला स्थिर आयपी लागतो आणि घरच्या साध्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो. त्यामुळे मुंबईतला छोटासा भाड्याचा सर्व्हर दोन्ही प्रश्न सोडवतो. फक्त त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, तिथे आपले सव्वानऊ म्हणजे 3:45. सेकंदाला दहा ऑर्डरची जी मर्यादा आहे, तिचं टेन्शन घेऊ नका. किरकोळ ट्रेडरचा बॉट तिथवर पोचला, तर तो बिघडलेलाच असतो.

मग काय सोपवायचं?

माझं मत स्पष्ट आहे: आधी बाहेर पडायचं काम सोपवा, आत शिरायचं नंतर बघू. खरेदीचा निर्णय तुमचा. किती शेअर घ्यायचे हे गणित, स्टॉपलॉस लावणं, तो सरकवणं, दिवसाचा ठरलेला तोटा झाला की दुकान बंद करणं, तीन-दहाला पोझिशन मोकळी करणं आणि प्रत्येक ट्रेडची नोंद ठेवणं, ही कामं बॉटला द्या. यातच माणूस हळवा होतो आणि बॉट होत नाही. रोज सकाळचं लॉगिन मात्र स्वतः करा. त्या निमित्ताने आज बॉट चालवायचा की नाही हेही ठरतं.

चालू करण्याआधी खऱ्या बाजारात एक शेअर घेऊन त्याला छळा. ऑर्डर जाताच सर्व्हरचं नेट तोडा आणि परत जोडा, दुसरी ऑर्डर जाते का बघा. पोझिशन चालू असताना प्रोग्रॅम मारून टाका आणि पुन्हा सुरू करा, त्याला तो एक शेअर आठवतो का बघा. मोबाइलवरून हाताने तो शेअर विका, बॉट आपला स्टॉपलॉस मागे घेतो का बघा. यातलं एकही जमलं नाही, तर 416 चा आकडा अजून कोडमध्ये टाकायचा नाही.