कच्च्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर शेरा कसा लिहावा

सहावीच्या गणिताची वीस गुणांची घटक चाचणी घेऊ. एका मुलाला ६ गुण मिळाले आहेत. पहिल्या प्रश्नात अपूर्णांकांच्या तीन बेरजा होत्या, तिन्ही चुकल्या. दुसऱ्यातले दोन्ही गुणाकार बरोबर आहेत. तिसऱ्यात दोन शाब्दिक उदाहरणं होती. त्यांपैकी एकात रीत बरोबर, पण पाढा चुकला, आणि दुसरं कोरंच आहे. चौथ्यात दशांश अपूर्णांकांच्या बेरजा चुकीच्या मांडल्या आहेत. अशा पेपरवर बहुधा सगळीकडे लाल फुल्या आणि शेवटी ‘अभ्यास वाढवावा’ एवढंच दिसतं. त्यातून मुलाला आपण नापास झालो एवढंच कळतं, उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते कळत नाही.

आधी हातात पेन घेऊ नये

पूर्ण पेपर एकदा नुसता वाचावा. पहिली चूक दिसताच फुली मारायला लागलं की तिसऱ्या प्रश्नापर्यंत मन आणि हात दोन्ही कडक होतात, मग बरोबर आलेल्या पायऱ्या नजरेतून सुटतात. वाचताना चुका मोजू नयेत, त्यांची कारणं मोजावीत. या मुलाने लिहिलं आहे: २/३ + १/४ = ३/७, १/२ + १/५ = २/७, ३/४ + १/८ = ४/१२. गणितं तीन चुकली, पण कारण एकच आहे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. गुणाकारात अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणायचं असतं, तीच रीत त्याने बेरजेला लावली. म्हणजे तो मनाला येईल ते लिहीत नाही. त्याच्याकडे एक नियम आहे, फक्त तो चुकीच्या जागी वापरला आहे. हे ओळखलं की शेऱ्याचा सूर आपोआप बदलतो.

एकच चूक निवडावी

या पेपरात चार वेगवेगळ्या अडचणी आहेत: बेरजेतले छेद, आठाचा पाढा, दशांश चिन्हाची मांडणी आणि कोरं सोडलेलं उदाहरण. चारही शेऱ्यात लिहिल्या तर मूल एकीवरही काम करत नाही. जी सुटली की सर्वांत जास्त गणितं सुटतील, ती निवडावी. इथे ती छेदांची. दशांशाच्या प्रश्नात ३.५ + २.२५ = २.६० असं उत्तर आलं आहे, कारण दशांश चिन्हाखाली चिन्ह न घेता उजवीकडचे अंक जुळवले. ही चूकही मोठी आहे, पण तिची पाळी पुढच्या आठवड्यात. तोवर तिथे नुसती पेन्सिलीने खूण करावी आणि आपल्या टाचणवहीत नोंद ठेवावी. गणिताच्या पेपरातलं शुद्धलेखन तर या वेळी सोडूनच द्यावं.

खूण जिथे वाट चुकली तिथेच

पूर्ण गणितावर आडवी रेघ मारू नये. जिथून उत्तर बिघडलं त्या पहिल्या अंकाखाली बारीक रेघ द्यावी. ३/७ मधल्या फक्त ७ खाली. आठ रुपयांचे सात पेन घेऊन शंभराची नोट दिली तर किती परत मिळतील, या उदाहरणात मुलाने ७ × ८ = ५४ आणि १०० − ५४ = ४६ लिहिलं आहे. इथे ५४ खाली रेघ द्यावी आणि वजाबाकीच्या पायरीला बरोबरची खूण करावी, कारण त्याच्या ५४ मधून ती बरोबरच आहे. तीनपैकी दोन गुण द्यावेत आणि ते पायरीशेजारी दिसतील असे लिहावेत. रीत जमली आणि फक्त पाढा हुकला, हे मुलाला या दोन खुणांतून कळतं.

शेरा तीन-चार वाक्यांचा

या मुलासाठी शेरा असा लिहिता येईल:

‘प्र. २ मधले दोन्ही गुणाकार बरोबर आहेत. प्र. १ मध्ये एकच गोष्ट अडली आहे: बेरीज करताना छेदही मिळवलास. याच रीतीने १/२ + १/२ करून बघ आणि दोन अर्ध्या भाकऱ्या मिळून किती होतात ते ताडून बघ. मग पहिली बेरीज दोन्ही छेद १२ करून खाली पुन्हा सोडव.’

त्याच्या रीतीने १/२ + १/२ चं उत्तर २/४ येतं, म्हणजे परत अर्धंच. दोन अर्ध्या भाकऱ्या मिळून अर्धी कशी होईल, हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडतो. ‘छेद समान करून बेरीज करावी’ हा नियम वर्गात त्याने अनेकदा ऐकलेला असतो. आपली रीत कुठे मोडते हे मात्र त्याने पाहिलेलं नसतं. म्हणून चूक सांगणाऱ्या वाक्याबरोबर ती पडताळायचं एक छोटं गणित द्यावं. शेवटचं काम दहा मिनिटांत होईल एवढंच असावं. ‘सगळी उदाहरणं पुन्हा लिहून आण’ म्हटलं की मित्राच्या वहीतून उतरवून आणलेली उत्तरं हाती येतात.

पहिलं वाक्य खरं असलंच पाहिजे. वीसपैकी सहाच्या पेपरवर ‘छान प्रयत्न!’ लिहिलं तर मुलाला ते खोटं आहे हे कळतं, आणि पुढच्या खऱ्या कौतुकावरही त्याचा विश्वास बसत नाही. काय बरोबर आहे ते प्रश्नक्रमांकासह लिहावं. ‘निष्काळजी’, ‘पुन्हा तेच’, ‘इतकं सोपं असूनही’ हे शब्द टाळावेत. ते मुलाबद्दल बोलतात, गणिताबद्दल नाही. ‘इतकं सोपं’ तर सर्वांत जास्त लागतं, कारण त्याला ते सोपं गेलेलं नसतं.

कोऱ्या उत्तरापुढे ‘सोडवले नाही’ लिहून काही साधत नाही. तिथे पहिली ओळ आपणच लिहून द्यावी, उदाहरणार्थ ‘दिलेले: … , काढायचे: …’, आणि पुढची जागा मोकळी ठेवावी.

गुण, सही आणि वेळ

इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं, तर शेरा आणि गुण दोन्ही मिळालेल्यांत तो फायदा दिसला नाही. आपल्याकडे गुण द्यावेच लागतात. पण पेपर आधी शेऱ्यासह देऊन दुरुस्ती करून घ्यावी आणि एकूण गुण दुसऱ्या दिवशी सांगावेत, एवढं नक्की करता येतं. त्यासाठी पहिल्या पानावरची बेरीज तोवर कोरी ठेवावी.

पेपर पालकांच्या सहीसाठी घरी जातो, हेही लिहिताना लक्षात असू द्यावं. ‘वर्गात लक्ष नसते’ या एका ओळीवर घरी मार बसू शकतो. पालकांसाठी वेगळी ओळ लिहावी: ‘दुरुस्ती शाळेत करून घेत आहोत. घरी रोज आठाचा पाढा एकदा म्हणून घ्यावा.’

साठ मुलांच्या वर्गात असा शेरा सगळ्यांना लिहिणं शक्य नाही. ज्या सात-आठ मुलांना खरी गरज आहे त्यांनाच लिहावा, बाकीच्यांना एका ओळीचा. अक्षर सुटं आणि ठळक काढावं. वाचायला अडखळणाऱ्या मुलाला शेरा जवळ बसवून वाचून दाखवावा, पण इतरांसमोर मोठ्याने नाही.

दुरुस्ती परत आल्यावर

८/१२ + ३/१२ = ११/१२ असं नीट आलं तर लगेच खूश होऊ नये, कारण १२ आपणच सांगितला होता. तिथेच १/२ + १/५ सोडवायला द्यावं. छेद १० त्याने स्वतः शोधला तर शेऱ्याखाली तारीख घालून ‘आता जमलं’ लिहावं. पुन्हा २/७ आलं तर आणखी शेरा लिहू नये. मग कागदाच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एक मुलाच्या हातून दोन भागांत आणि दुसरी पाच भागांत दुमडून घ्यावी आणि त्यांचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवून मोजायला लावावेत. काही मुलांची अडचण लिहिलेल्या शब्दांनी सुटत नाही, तिला हाताने करून बघावंच लागतं.