तेहेतीस घनमीटरच्या कंटेनरमध्ये सव्वीस घनमीटर माल का बसला नाही

वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या निर्यात विभागात मी नवीन असताना पॅकिंग लिस्ट तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून झालेली चूक येथे आकड्यांसह मांडतो, कारण नव्याने या कामाला लागणारा जवळजवळ प्रत्येक जण बेरीज जुळली की यादी बरोबर आहे असे समजतो.

यादीत 400 खोकी होती. प्रत्येक खोके 60 सेंटिमीटर लांब, 40 रुंद आणि 27.5 उंच, वजन 24 किलो. एकूण घनफळ 26.4 घनमीटर आणि एकूण वजन 9,600 किलो असे खाली लिहिले होते. वीस फुटी कंटेनरची क्षमता साधारण 33 घनमीटर असते आणि तो 28 टनांच्या आसपास माल उचलतो, एवढे मला पाठ होते. दोन्ही आकडे मर्यादेच्या बरेच आत दिसल्याने मी यादीवर सही केली आणि वीस फुटी कंटेनर मागवला गेला.

खोकी वीस पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलता येणाऱ्या लाकडी चौकटींवर, रचलेली होती. कंटेनर आला, पहिली दहा पॅलेट त्याच्या तळावर बसली. त्यातही शेवटची दोन आडवी-उभी फिरवून बसवावी लागली, कारण 1.2 बाय 1 मीटरची दहा पॅलेट 5.9 मीटर लांबीत सरळ दोन ओळींत बसत नाहीत. अकरावे पॅलेट दुसऱ्या थरासाठी उचलल्यावर फोर्कलिफ्ट चालवणारे दादा थांबले आणि म्हणाले, "साहेब, वरचं दाराला लागतंय, आत जाणार नाही."

हिशेब साधा होता, पण मी तो केलाच नव्हता. एका पॅलेटवर पाच-पाच खोक्यांचे चार थर, म्हणजे 1.10 मीटर, आणि खाली 15 सेंटिमीटरचे लाकडी पॅलेट, अशी उंची 1.25 मीटर होत होती. दोन पॅलेट एकावर एक ठेवली की 2.50 मीटर होतात. वीस फुटी कंटेनरची आतली उंची सुमारे 2.39 मीटर असते आणि दाराची उंची त्याहून कमी, साधारण 2.28 मीटर असते. माल दारातूनच आत जातो, म्हणून तपासणीत दाराचाच आकडा धरायचा. यादीतले 26.4 घनमीटर हे केवळ खोक्यांचे घनफळ होते. वीस पॅलेटचे बाहेरून मोजलेले घनफळ 30 घनमीटर भरत होते, आणि तेही क्षमतेच्या आतच दिसत होते. घनफळ जुळूनही माल बसत नाही तो असा.

वरच्या पॅलेटचा एक थर काढला असता तर दोन पॅलेटची उंची 2.225 मीटर झाली असती आणि दारात साडेपाच सेंटिमीटर मोकळे राहिले असते. म्हणजे दहा जागांवर प्रत्येकी सात थर, एकूण 350 खोकी. मात्र खालच्या खोक्यांवर वरच्या पॅलेटसह सुमारे 380 किलोचा भार आला असता, आणि तो पुठ्ठा सोसेल की नाही हे पॅकिंग विभागाला विचारल्याशिवाय सांगता येत नव्हते. शिवाय खरेदीदाराला सर्व 400 खोकी एकाच खेपेत हवी होती. अखेर रिकामा कंटेनर परत पाठवून बुकिंग बदलले आणि चाळीस फुटी कंटेनर आणला. त्याची आतली लांबी सुमारे 12 मीटर असल्याने वीसही पॅलेट एकाच थरात, एकमेकांवर न ठेवता बसली.

दुसरी चूक वजनाची होती आणि ती मात्र कागदावरच पकडता आली असती. 9,600 ला 400 ने भागले की बरोबर 24 येते, म्हणजे एकूण वजन म्हणून लिहिलेल्या आकड्यात पॅलेटचे वजनच धरलेले नव्हते. प्रत्येक पॅलेट 20 किलोचे, म्हणून खरे वजन 10,000 किलो. जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन, ज्याला आम्ही व्हीजीएम म्हणतो, जहाजात चढवण्यापूर्वी कळवावेच लागते. ते एकतर भरलेला कंटेनर तोलून काढतात, किंवा माल, पॅलेट, आधाराचे लाकूड आणि रिकाम्या कंटेनरचे वजन यांची बेरीज करून. रिकाम्या कंटेनरचे वजन अंदाजाने घ्यायचे नसते. ते त्याच कंटेनरच्या दारावर रंगवलेले असते. आमच्या दारावर 3,750 किलो होते. माल पॅलेटसह 10,000, आधाराचे लाकूड 40, म्हणून व्हीजीएम 13,790 किलो. यादी तशीच राहिली असती, तर पॅकिंग लिस्टवरचे वजन आणि व्हीजीएममध्ये धरलेले मालाचे वजन यांत 400 किलोचा फरक पडून विचारणा झाली असती.

जालन्याहून लोखंडी सळया पाठवणाऱ्या मित्राची अडचण याच्या अगदी उलट असते. पोलाद घनमीटरला जवळपास 7.85 टन भरत असल्याने त्याचा कंटेनर बराचसा रिकामा दिसतो आणि तरीही वजनाची मर्यादा संपलेली असते. त्याला उंचीची फिकीर नसते, पण मालाचा भार लांबीभर सारखा पसरवावा लागतो आणि रस्त्यावर ट्रेलरच्या धुऱ्यांची वजनमर्यादा कंटेनरच्या मर्यादेआधीच आडवी येते.

आता यादी हातात आली की मी बेरजेआधी एका पॅलेटची पूर्ण उंची काढून पेन्सिलने समासात लिहितो आणि तिच्या शेजारी दाराची उंची लिहितो. त्यानंतर एकूण वजनाला खोक्यांच्या संख्येने भागून पाहतो. भागाकार खोक्याच्या वजनाशी तंतोतंत जुळला, की यादी पॅकिंग विभागाकडे परत जाते.