बंदरपेठेतील हायड्रंटची प्रवाह चाचणी : तयारीची यादी

कोकणातील किनाऱ्यावरच्या गावात पाण्याची टाकी बहुधा वर सड्यावर असते आणि बाजारपेठ खाली खाडीच्या काठाला, त्यामुळे बंदरावरच्या हायड्रंटला दाबमापक लावला की काटा सहज दर चौरस सेंटिमीटरला चार किलोवर जातो आणि पाहणारा निश्चिंत होतो. हा बंद वाहिनीतला स्थिर दाब असून तो केवळ उंचीचा हिशेब सांगतो. आतून गंजाने अरुंद झालेल्या जुन्या बिडाच्या वाहिनीतून आगीच्या वेळी किती पाणी येईल, हे पाणी सोडल्यावर उरणारा शिल्लक दाबच सांगतो, आणि पुढील तयारी त्यासाठीच आहे.

प्रथम व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन दोन हायड्रंट निवडावेत. ज्यातून पाणी सोडायचे तो एक, आणि ज्यावर केवळ दाब वाचायचा तो दुसरा. हा दुसरा पहिल्या हायड्रंटच्या आणि पाणी आणणाऱ्या मोठ्या वाहिनीच्या दरम्यान असावा. मधला एखादा व्हॉल्व्ह दुरुस्तीनंतर अर्धवटच उघडलेला राहिला नाही ना, हे किल्ली लावून पाहावे, कारण तसे असल्यास चाचणी वाहिनीची न होता त्या व्हॉल्व्हचीच होते.

दिवस आणि वेळ ठरवताना घाई करू नये. पुरवठा ठरावीक तासांचाच असेल तर वाहिनी भरून हवा निघून गेल्यावर, परंतु घरोघरीच्या मोटारी चालू असतानाच चाचणी घ्यावी. आग काही मोटारी बंद होण्याची वाट पाहत नाही. टाकीतील पातळी आणि पंप चालू की बंद, हे आरंभी व शेवटी लिहून ठेवावे. शक्य असल्यास एप्रिल-मे महिन्यातील दिवस घ्यावा. आदल्या दिवशी आळीत सांगावे की पाणी काही काळ लालसर येईल, तेव्हा पिण्याचे आधी भरून ठेवावे. आणि सुटलेले पाणी मासळी वाळत घातलेल्या जागेकडे न जाता गटारात उतरेल, अशी वाट आधीच पाहून ठेवावी.

साहित्यात तपासून घेतलेला दाबमापक, हवा सोडण्याची चावी असलेली टोपी, सुटलेल्या धारेचा दाब मोजणारी पिटो नळी, कॅलिपर आणि हायड्रंटची किल्ली असावी. टोपी बसवल्यावर चावी उघडून पाण्याची अखंड धार येईपर्यंत हवा जाऊ द्यावी. एकदा मी ती तशीच ठेवली, काटा थरथरत राहिला, आणि मी अंदाजाने मधला आकडा लिहिला. ती संपूर्ण चाचणी पुन्हा करावी लागली. ६३ मिलिमीटरचे म्हटले जाणारे तोंडही कॅलिपरने मोजावे आणि आत बोट फिरवून कड पाहावी, कारण कड गोलसर असल्यास गुणांक ०.९, काटकोनी असल्यास ०.८ आणि नळी आत शिरलेली असल्यास ०.७ धरतात.

पाणी सोडताना व बंद करताना किल्ली सावकाश फिरवावी. झटका दिल्यास जुना सांधा फुटतो. प्रवाह स्थिरावल्यावर पिटोचे टोक धारेच्या मध्यभागी, तोंडापासून त्याच्या निम्म्या व्यासाइतक्या अंतरावर धरावे, आणि त्याच क्षणी दुसऱ्या हायड्रंटवरील माणसाने शिल्लक दाब वाचावा. स्थिर दाबात किमान दहा टक्के, शक्यतो पंचवीस टक्के घट दिसली नाही तर आणखी एक हायड्रंट उघडावा, कारण लहान घटीवरून काढलेला अंदाज फसवा असतो.

उदाहरणादाखल, स्थिर दाब ४.२ किलो, शिल्लक दाब २.८, पिटोवर ०.६५, तोंड ६३ मिलिमीटर, कड काटकोनी.

```
Q = 0.66 × c × d² × √p
QR = Q × (hr / hf)^0.54
```

पहिल्या सूत्रात c म्हणजे कडेचा गुणांक, d म्हणजे तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि p म्हणजे पिटोवरचा दाब. त्याने सुटलेले पाणी Q मिनिटाला सुमारे १६९० लिटर येते. वाहिनीत किमान १.४ किलो दाब राखायचा असतो, नाहीतर बंबाच्या ओढीने फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत खेचले जाण्याची भीती असते. म्हणून hr म्हणजे ४.२ वजा १.४, अर्थात २.८, आणि hf म्हणजे प्रत्यक्ष घट १.४. QR, म्हणजे तेवढा दाब राखून मिळू शकणारे पाणी, मिनिटाला सुमारे २४६० लिटर.

येथे बहुतेक जण थांबतात. परंतु त्याच वाहिनीवर पाखाडीने बारा मीटर वर चढलेली लाकडी माडीची घरे असतील, तर दर दहा मीटरला एक किलो याप्रमाणे तेथे १.४ राखण्यासाठी खालच्या दाबमापकावर २.६ किलो उरायला हवेत. hr मग १.६ होतो आणि उपलब्ध पाणी सुमारे १८२० लिटरवर येते. म्हणून तयारीतच दोन्ही हायड्रंटची आणि सर्वांत वरच्या घराची उंची मोजून घ्यावी, आणि अग्निशमन केंद्राला आकडा देताना तो कोणत्या उंचीसाठी, कोणत्या वेळेचा आणि टाकी किती भरलेली असतानाचा आहे, हे त्याच ओळीत लिहावे.