बँकेमार्फत आलेल्या चार्जबॅकला लॉजने उत्तर कसे द्यावे

जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरातले लॉज भरलेले असतात. बुकिंग ऐनवेळी रद्द झाले की पैशांचा वाद ठरलेलाच, आणि काही पाहुणे तो थेट आपल्या बँकेकडे नेतात. अशा तक्रारीवरून बँक लॉजकडून ते पैसे परत मागते, तो चार्जबॅक.

नोटीस आली की आधी कारणाचा कोड पाहा. व्हिसा कार्डावर 13.7 म्हणजे ‘रद्द केले तरी पैसे परत नाहीत’. 10.4 असेल तर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार असते. तिथे रद्द करण्याचा नियम दाखवून काही उपयोग नाही. पैसे कार्डधारकानेच भरले, हे सिद्ध करावे लागते. उत्तरे चुकतात ती बहुधा इथेच.

13.7 चे उदाहरण घेऊ. 13 जानेवारीपासून दोन रात्री, रात्रीला 2,400 प्रमाणे 4,800 रुपये आगाऊ भरलेले. चेक-इन दुपारी 12 वाजता. नियम असा: 48 तास आधी रद्द केल्यास सगळे पैसे परत, त्यानंतर एका रात्रीचे भाडे कापणार. म्हणजे मुदत 11 तारखेच्या दुपारी 12 पर्यंत. पाहुण्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला 12 च्या रात्री 9 वाजता, 33 तास उशिरा. लॉजने 2,400 परत केले, तरी तक्रार पूर्ण 4,800 ची.

उत्तराच्या पहिल्या पानावर हा हिशेब तारीख-वेळेसह चार-पाच ओळींत मांडा. परत केलेल्या 2,400 चा एआरएन, म्हणजे त्या रिफंडचा संदर्भ क्रमांक, तिथेच लिहा, म्हणजे पाहुण्याच्या बँकेला ती रक्कम शोधता येते.

मग नियम. बुकिंगच्या दिवशी लागू असलेला मजकूर जसाच्या तसा जोडा. नंतर बदललेला जोडलात तर हरलात. पैसे भरण्याआधी पाहुण्याला तो दिसला होता, हे दाखवणे सर्वात महत्त्वाचे. ‘नियम मान्य’वर खूण केल्याची वेळ बुकिंगच्या नोंदीतून काढा, सोबत त्या पानाचा स्क्रीनशॉट द्या. रिसेप्शनवर लावलेली पाटी इथे पुरावा ठरत नाही, कारण ती पाहुण्याने पैसे भरल्यानंतरची.

व्हॉट्सअ‍ॅपचा संवाद तारीख-वेळ दिसेल असा घ्या. तो मराठीत असेल तर खाली इंग्रजी भाषांतर लिहा. तपासणाऱ्याला मराठी येईलच असे नाही. आधार कार्डाची प्रत किंवा पूर्ण कार्ड क्रमांक जोडू नका.

तीच खोली त्या रात्री दुसऱ्याला दिली असेल, तर आमच्या मते भांडू नये, दावा मान्य करावा. मात्र वाद सुरू असताना वेगळा रिफंड पाठवू नका. ज्या पेमेंट गेटवेमार्फत पैसे घेतले, त्याच्या पानावरच ‘मान्य’ करा, नाहीतर तीच रक्कम दोनदा जाते.

सगळे एका पीडीएफमध्ये, नोटिशीतल्या तारखेच्या किमान एक दिवस आधी चढवा. राहिलेला कागद नंतर जोडता येईल, असे धरून चालू नका.