फ्रेंच शिफारसपत्राचं इंग्रजी करताना कौतुकाचं माप कसं सांभाळावं

फ्रेंच प्राध्यापकाने विद्यार्थिनीला 'सेरिअझ' म्हटलं, म्हणजे ती गंभीर चेहऱ्याची आहे असा अर्थ होत नाही. ती मन लावून, जबाबदारीने काम करते, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. इंग्रजीत 'सीरियस स्टुडंट' लिहिलंत तर ते कोरडं वाटतं आणि 'आउटस्टँडिंग' लिहिलंत तर खोटं होतं. शिष्यवृत्तीच्या पत्राचा अनुवाद या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत करायचा असतो.

उदाहरणासाठी मी केलेलं एक पत्र घेते. पुण्याची एक मुलगी फ्रान्समध्ये एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि ब्रिटनमधल्या पीएचडीच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करत होती. तिच्या मार्गदर्शक बाईंनी पानभर पत्र दिलं होतं. ते वाचून मुलगी हिरमुसली. "ताई, बाई माझ्यावर खूश नाहीत का?" असं तिने मला विचारलं. बाई खूपच खूश होत्या, पण ते त्यांनी फ्रेंच पद्धतीने सांगितलं होतं.

आधी पत्रातली शिडी काढा

अनुवादाला हात घालण्याआधी पत्रातला प्रत्येक कौतुकाचा शब्द वेगळ्या कागदावर उतरवा आणि खालपासून वरपर्यंत लावा. शब्दकोश इथे फारसा उपयोगी पडत नाही. कोणता शब्द किती वजनाचा आहे, हे त्याच पत्रातल्या बाकीच्या शब्दांशी ताडून कळतं. आमच्या पत्रात तळाशी होतं 'कोरेक्त': तिचं जर्मन 'कोरेक्त' आहे, म्हणजे काम चालण्यापुरतं. त्याच्या वर 'आप्लिके', म्हणजे मेहनती. हा शब्द जपून वापरा, कारण तो कष्टांचं कौतुक करतो आणि प्रतिभेविषयी गप्प राहतो. त्याच्या वर लिखाणासाठी 'त्रे बाँ', म्हणजे खूप चांगलं. आणि 'एक्सेलाँ' हा शब्द सबंध पत्रात एकदाच, प्रबंधिकेतल्या विश्लेषणासाठी आला होता.

'आसे' दिसलं की थांबा. एरवी त्याचा अर्थ 'पुरेसं' होतो, पण 'आसे बिअँ' म्हणजे 'बऱ्यापैकी', नुसत्या 'बिअँ'पेक्षा एक पायरी खाली. त्याला इंग्रजीत 'क्वाइट गुड' म्हणू नका. ब्रिटिश कानाला ते 'ठीकठाक' वाटतं, तर अमेरिकन माणूस 'खूपच चांगलं' समजतो. 'फेअरली गुड' म्हटलं की दोन्हीकडे एकच अर्थ पोचतो.

मग इंग्रजीत तेवढंच अंतर ठेवा

आता प्रत्येक पायरीला इंग्रजी शब्द द्या. प्रत्येक शब्दाची उंची तंतोतंत जुळली नाही तरी चालेल, पायऱ्यांमधलं अंतर मात्र तेच राहायला हवं. 'कोरेक्त'ला 'अॅडिक्वेट', 'आप्लिके'ला 'डिलिजंट', 'सेरिअझ'ला 'कॉन्शिएन्शस', 'त्रे बाँ'ला 'व्हेरी गुड'. 'एक्सलंट' फक्त एकदा, बाईंनी ठेवला तिथेच. तो शब्द खालच्या पायऱ्यांवरही वाटून टाकला तर बाईंनी ज्या एका गोष्टीवर बोट ठेवलं होतं, तीच गर्दीत हरवते.

सगळ्यात अवघड असतं नकारातून केलेलं कौतुक. पत्रात प्रबंधिकेबद्दल म्हटलं होतं, 'ने पा साँ आँबिस्याँ', म्हणजे महत्त्वाकांक्षेवाचून नाही. इंग्रजीत 'नॉट विदाउट अँबिशन' लिहिलं की वाचणारा लगेच पुढच्या 'पण'ची वाट पाहतो. उलट सरळ 'हायली अँबिशस' लिहिलं तर बाईंच्या तोंडी न बोललेला शब्द जातो. मी 'नॉट लॅकिंग इन अँबिशन' लिहिलं. नकार राहिला आणि शंकेचा वास गेला. पुढच्या वाक्यात 'रेएल' प्रगल्भता होती. तिथे 'रिअल'पेक्षा 'जेन्युइन' जास्त नेमका बसला.

शेवटची ओळ तर मोजूनमापूनच घ्या, कारण निवड समिती बऱ्याचदा तिथूनच वाचायला सुरुवात करते. नुसती शिफारस, 'विव्हमाँ' शिफारस आणि 'साँ रेझेर्व्ह' शिफारस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या अनुक्रमे 'रेकमेंड', 'स्ट्राँगली रेकमेंड' आणि 'रेकमेंड विदाउट रिझर्वेशन' होतात. आमच्या पत्रात 'विव्हमाँ' होतं, म्हणून 'स्ट्राँगली'. त्यानंतर येणारं ते लांबलचक 'आपण माझ्या विशेष आदराचा स्वीकार करावा' हे मात्र शब्दशः नको. तो पत्र संपवण्याचा साचा आहे, त्याला 'यूअर्स सिन्सिअरली' पुरे.

गुणांना हात लावू नका

पत्रात 15/20 असेल तर 15/20 च लिहा. त्याचे 75 टक्के केलेत की घोटाळा झालाच: ब्रिटनमध्ये 70 च्या वर गेलं की पहिला वर्ग, अमेरिकेत मात्र 75 म्हणजे साधारण 'सी'. फ्रान्समध्ये 20 पैकी 10 ला उत्तीर्ण, 12 पासून 'आसे बिअँ', 14 पासून 'बिअँ' आणि 16 पासून 'त्रे बिअँ' असा शेरा मिळतो. 20 गुण फक्त देवाला, असं तिथले लोक गमतीने म्हणतात. ही माहिती मजकुरात घुसवू नका. शेवटी रेषेखाली 'अनुवादकाची टीप' म्हणून दोन ओळींत द्या. वर्गातला क्रमांक दिला असेल, जसा आमच्याकडे 28 जणांत तिसरा होता, तर तो आकड्यांतच ठेवा. त्याला अनुवादाची गरजच नसते. आणि तिथे 'प्रोमोस्याँ' शब्द आला तर त्याचा अर्थ बढती नाही, त्या वर्षाची बॅच.

उणीव काढायची नाही

पत्रात एक वाक्य होतं: वर्षाच्या सुरुवातीला ती तोंडी सादरीकरणात अडखळायची, पण लवकरच सावरली. मुलगी म्हणाली, "हे गाळता येईल का?" नाही, येत नाही. पत्र बाईंच्या सहीचं आहे आणि मूळ प्रत सोबत जोडलेली असते. समितीतल्या एकालाही फ्रेंच येत असेल तर अख्ख्या अर्जावरचा विश्वास उडेल. शिवाय अशी एखादी खरी उणीव असली की बाकीचं कौतुक जास्त पटतं.

तपासणी

इंग्रजी मसुदा फ्रेंच न येणाऱ्या कुणाला तरी द्या आणि पत्रातल्या गोष्टी कौतुकाच्या क्रमाने लावायला सांगा. तो क्रम तुमच्या पहिल्या कागदावरच्या शिडीशी जुळवून बघा. माझ्या मैत्रिणीने लिखाण आणि विश्लेषण एकाच पायरीवर ठेवलं. परत वाचलं तेव्हा कळलं की घाईत माझ्याकडून एका ठिकाणी 'त्रे बाँ'चं 'एक्सलंट' झालं होतं. ते 'व्हेरी गुड' केलं आणि क्रम जुळला.

मसुदा अंतिम करण्याआधी शक्य असेल तर पत्र लिहिणाऱ्यांना दाखवा. पत्र गोपनीय असेल आणि ते प्राध्यापकांनी थेट पाठवायचं असेल, तर मसुदा विद्यार्थ्याच्या हातात न देता त्यांनाच पाठवा. सही आणि शिक्का यांच्या जागी चौकटी कंसात 'सही' आणि 'शिक्का' एवढंच लिहा. खाली तुमचं नाव, तारीख आणि अनुवाद मुळाबरहुकूम असल्याचं एका ओळीचं प्रमाणपत्र द्या. शिष्यवृत्तीच्या नियमांत शपथबद्ध अनुवादक मागितला असेल तर हे तुमचं प्रमाणपत्र चालणार नाही. म्हणून ती अट काम हातात घेण्याआधीच वाचून ठेवा, आणि अर्जदाराने स्वतः अनुवाद केलेला चालतो का, तेही त्याच पानावर बघून घ्या.