पेस्टोची एक बाटली आणि जर्मन लेबल वाचण्याची रीत

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी घरांत पहिल्या काही दिवसांत पास्ता शिजतोच, आणि त्याबरोबर हिरव्या पेस्टोची काचेची बाटलीही येते. स्वस्त असते, पाच मिनिटांत जेवण होतं, वर बेसिलच्या पानांचं चित्र असतं. त्यामुळे ती शाकाहारीच असणार आणि त्यात धोक्याचं काही नसणार असं आपण धरून चालतो. नवीन मंडळींना लेबल वाचायला शिकवताना मी मुद्दाम हीच बाटली त्यांच्या हातात देते. घटकांची यादी, अॅलर्जीच्या सूचना आणि तारीख या तिन्ही बाबतींत जिथे जिथे गफलत होऊ शकते, ते सगळं या एका लेबलवर सापडतं.

वाचायला घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा. लेबलवरचा काही मजकूर कायद्याने छापावाच लागतो, काही मजकूर उत्पादक आपल्या मर्जीने छापतो, आणि काही गोष्टी पदार्थात असूनही छापण्याची सक्ती नसते. एखादा शब्द लेबलवर नसला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे तो यांपैकी कुठल्या खात्यातला आहे त्यावर ठरतं.

बाटली फिरवा आणि 'त्सुटाटन' हा शब्द शोधा. झेड अक्षराने सुरू होतो, पुढे दोन टिंबं असतात. हीच घटकांची यादी. ज्याचं वजन सर्वांत जास्त तो घटक पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. दोन टक्क्यांहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. साध्या, स्वस्त पेस्टोची यादी साधारण अशी असते: सूर्यफूल तेल, बेसिल ३० टक्के, काजू, ग्राना पादानो चीज आणि त्यापुढे कंसात दूध व अंड्यातलं लायसोझाइम, मग मीठ, साखर, चिलगोजे, लसूण. बेसिलपुढे टक्केवारी आहे, कारण बाटलीवर त्याचं नाव किंवा चित्र मिरवलं की प्रमाण सांगणं बंधनकारक होतं. मूळ इटालियन कृतीतले चिलगोजे महाग असतात. म्हणून स्वस्त पेस्टोत बहुतेक भर काजूची असते, आणि चिलगोजे नावापुरते यादीच्या शेपटाला येतात.

आता त्याच यादीतली ठळक अक्षरं पाहा. युरोपीय संघाचा नियम ११६९/२०११ डिसेंबर २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार चौदा प्रकारचे अॅलर्जीकारक घटक यादीतच उठून दिसतील असे छापावे लागतात. बहुतेक कंपन्या ठळक ठसा वापरतात, काही मोठी अक्षरं किंवा अधोरेखन. आपल्या पेस्टोत 'कॅश्यूकेर्ने' म्हणजे काजू, 'मिल्श' म्हणजे दूध आणि 'आय' म्हणजे अंडं हे तीन शब्द असे उठून दिसतील. पेस्टोत अंडं कुठून आलं, असा प्रश्न पडेल. ग्राना पादानो मुरताना बिघडू नये म्हणून त्यात लायसोझाइम घालतात, आणि ते अंड्याच्या पांढऱ्या भागातून काढलेलं असतं. अंडं न खाणाऱ्या घरात पेस्टो आणण्याआधी हे माहीत असायला हवं.

चौदांच्या यादीत गहू-जवासारखी ग्लुटेन असलेली धान्यं, अंडी, मासे, दूध, सोया, शेंगदाणे आणि कवचाची फळं आहेतच. पण आपल्याला अनपेक्षित वाटतील असेही आहेत: मोहरी, तीळ आणि 'झेलेरी' म्हणजे सेलरी. तयार सूप, मसाल्याची वडी, सॉस यांत झेलेरी इतकी सर्रास असते की तिची अॅलर्जी असलेल्या माणसाला इथे सगळ्यांत जास्त लक्ष तिच्यावरच ठेवावं लागतं. शेंगदाणा म्हणजे 'एर्डन्यूसे' आणि काजू-बदाम-अक्रोड-पिस्ते म्हणजे 'शालनफ्रूश्टे' हे दोन वेगळे गट आहेत. घटकांच्या यादीत या दुसऱ्या गटाचं नुसतं गटनाव चालत नाही, नेमका काजू की बदाम ते लिहावं लागतं.

आता यादीच्या शेवटचे चिलगोजे पाहा. ते साध्या अक्षरांत आहेत. छपाई चुकलेली नाही. चिलगोजे चौदांत येतच नाहीत. नारळही येत नाही, चणे आणि मसूरही नाहीत. ज्याला चण्याची किंवा नारळाची अॅलर्जी आहे त्याने केवळ ठळक शब्दांवरून नजर फिरवली तर तो धोका तसाच राहतो. अशा माणसाने पूर्ण यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला हवी. उलट बाजूने, चौदांपैकी एखादा घटक बंद पाकिटातल्या पदार्थात घातलेला असेल तर तो यादीत असणं कायद्याने सक्तीचं आहे. न लिहिता राहिला तर तो माल परत बोलवावा लागतो.

यादीखाली बहुधा एक स्वतंत्र वाक्य असतं: 'कान श्पूरन फॉन… एंटहाल्टन', म्हणजे अमुकचा अंश असू शकतो. आपल्या बाटलीवर तिथे शेंगदाणे आणि इतर शालनफ्रूश्टे लिहिलेले सापडतील. हे वाक्य छापायची सक्ती नाही, आणि किती अंश असला की ते छापायचं याची सर्वांना लागू होणारी मर्यादाही ठरलेली नाही. त्याच यंत्रावर आधी काजूचा माल चालला असेल आणि थोडा भाग मागे राहिला असेल, तर एक कंपनी ते छापते, दुसरी छापत नाही. म्हणून हे वाक्य असेल तर ते गांभीर्याने घ्या, आणि नसेल तर पाकीट अंशमुक्त आहे असं समजू नका. ज्या मुलाला काजूच्या किंचित अंशानेही श्वास लागतो, त्याच्या आईवडिलांनी उत्पादकालाच विचारावं. नाव आणि पत्ता लेबलवर असतोच. "काजू आहे का?" असा प्रश्न करू नका, त्याचं उत्तर यादीत आहे. याच पदार्थाच्या यंत्रावर काजूचा दुसरा माल चालतो का आणि मधल्या सफाईनंतर तपासणी होते का, हे विचारा. उत्तर लेखी घ्या.

अॅलर्जीसाठी 'व्हेगन' शिक्क्यावर विसंबणं मला फार धोक्याचं वाटतं. तो शिक्का पदार्थात प्राणिजन्य घटक घातलेला नाही एवढंच सांगतो. व्हेगन चॉकलेटच्या मागे 'दुधाचा अंश असू शकतो' हे वाक्य नेहमी दिसतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी नियमात बसतात.

शाकाहारी मंडळींसाठी त्याच पेस्टोत आणखी एक गोष्ट आहे, ती लेबलवर दिसेल किंवा दिसणारही नाही. ग्राना पादानो आणि पार्मेझान ही चीज वासराच्या पोटातल्या विकराने दूध जमवून करतात. जर्मनमध्ये त्याला 'लाब' म्हणतात. पण चीजला स्वतःची घटकयादी द्यायची सक्तीच नाही, जर त्यात दूध, विकर, जिवाणू आणि मीठ यांपलीकडे काही घातलेलं नसेल. विकर अॅलर्जीच्या चौदांतही नाही. त्यामुळे पेस्टोच्या कंसात दूध आणि अंडं दिसलं तरी लाब दिसेलच असं नाही. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका बघायची आपल्याला सवय असते, इथे तसा सक्तीचा ठिपका नाही. 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलेलं चीज घ्या किंवा पिवळ्या वर्तुळातलं हिरवं व्ही हे चिन्ह शोधा. ते चिन्ह स्वेच्छेचं असलं तरी ते देणारी संस्था घटक तपासते. जिलेटिनचंही असंच आहे. गोळ्यांत घातलं तर यादीत येतं, पण सफरचंदाचा रस निवळ करायला वापरून काढून टाकलं तर यादीत येत नाही. ढगाळ रस घेतला की हा प्रश्न बहुधा उरत नाही.

आता तारीख. पेस्टोवर ती बहुधा झाकणावर किंवा झाकणाच्या कडेला असते, आणि लेबलवर फक्त 'झाकण पाहा' असं लिहिलेलं असतं. दुकानात मला एकच सोपी खूण सांगावीशी वाटते: तारखेच्या वाक्याचं पहिलं अक्षर बघा. एम असेल तर 'मिन्डेस्टन्स हाल्टबार बिस'. या तारखेपर्यंत, न उघडलेली आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेली वस्तू आपली चव, रंग, पोत राखेल, अशी ती हमी आहे. त्या दिवसानंतर वस्तू आपोआप वाईट होत नाही, आणि दुकानाला ती विकताही येते. ती चांगली आहे याची खात्री करणं मात्र त्याचं काम. कमी किमतीच्या चिठ्ठीसह ठेवलेलं दही किंवा डाळ यातलीच. 'बिस' नंतर 'एंडे' हा शब्द आणि मागून महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरा.

झेड असेल तर 'त्सू फेरब्राउखन बिस'. हे वाक्य खिमा, कच्ची कोंबडी अशा लवकर खराब होणाऱ्या मालावर असतं. त्या तारखेनंतर तो विकायला बंदी आहे आणि घरीही खायचा नाही. वास येत नाही म्हणून चालेल, असं इथे नाही, कारण आजार पसरवणारे जिवाणू वासाने कळत नाहीत. शिवाय ही तारीख सोबत छापलेल्या तापमानासाठीच खरी असते. खिम्यावर कमाल २ अंश लिहिलेलं असतं आणि घरचा फ्रिज बहुतेक वेळा ७ अंशांच्या आसपास असतो. म्हणून खिमा आणला त्याच दिवशी शिजवा, आणि तोवर भाज्यांच्या खणावरच्या काचेच्या फळीवर ठेवा, ती सर्वांत थंड असते.

पेस्टोवर झाकणावरच्या तारखेइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्वाचं वाक्य आहे 'नाख डेम ओफ्नन…'. म्हणजे उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवून इतक्या दिवसांत संपवा. पेस्टोला हे बहुधा काही दिवसांचंच असतं. झाकण उघडल्यावर एम वाल्या तारखेचा काही उपयोग उरत नाही. पुढच्या वर्षीची तारीख असली तरी उघडलेल्या बाटलीत बुरशी येऊ शकते. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून बाकीचं वाचवायला जाऊ नका, सगळी बाटली टाका. ओल्या, पातळ पदार्थात बुरशीचे तंतू आणि विष दिसतं त्याच्या खालीही गेलेलं असतं.

भारतीय दुकानातल्या आयात पाकिटांना हेच नियम लागू आहेत. मूळ मजकुरावर जर्मन चिकटपट्टी असायला हवी, आणि तिच्यावरच अॅलर्जीचे घटक व तारीख पाहा. हिंगाच्या डबीवर तर आवर्जून पाहा. बहुतेक हिंगात 'वायत्सन' म्हणजे गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि ग्लुटेन टाळणाऱ्या घरात ते वरणातून पोटात जातं.

बेकरीतल्या सुट्या पावावर अशी छापील यादी नसते. अॅलर्जीची माहिती मात्र तिथेही द्यावी लागते. तोंडी सांगितली तरी चालतं, पण मागितल्यावर लेखी दाखवता आली पाहिजे. काउंटरमागे बहुधा एक फाइल असते, ती मागायला संकोच करू नका. काही ठिकाणी ब्रेझेलमध्ये डुकराची चरबी, म्हणजे 'श्माल्त्स', घालतात. चरबी अॅलर्जीच्या चौदांत नसल्यामुळे ती त्या फाइलमध्ये असेलच असं नाही, वेगळी विचारा.

नेहमीच्याच पाकिटाचीही यादी अधूनमधून पुन्हा वाचा, कारण 'नॉये रेत्सेप्टूर' म्हणजे नवी कृती अशा छोट्या पट्टीनिशी घटक बदलतात. न छापलेला अॅलर्जीकारक घटक सापडून माल परत बोलवला गेला, तर ती सूचना lebensmittelwarnung.de या सरकारी संकेतस्थळावर येते. तिथे पदार्थाचं नाव, तारीख आणि पाकिटावरचा लॉट क्रमांक दिलेला असतो. म्हणून अॅलर्जीचा माणूस घरात असेल तर डाळ-पीठ डब्यात ओतल्यावर पाकिटाचा तो तुकडा कापून डब्यातच ठेवा.