जुन्या ग्राफिक्स कार्डवर माइनक्राफ्टचे शेडर: सावल्या आवरल्या आणि गेम चालला

ऐरोलीत भाच्याच्या पीसीत २ जीबीचं जीटीएक्स १०५० आहे. त्यावर माइनक्राफ्टला शेडर, म्हणजे खऱ्यासारखा प्रकाश आणि सावल्या दाखवणारे पॅक, हवे होते. फॅब्रिक या मॉड लोडरसोबत आयरिस आणि सोडियम हे मॉड टाकले, कॉम्प्लिमेंटरी रीइमॅजिन्ड या शेडर पॅकची झिप न उघडता तशीच `shaderpacks` फोल्डरमध्ये ठेवली आणि `Video Settings` मधल्या `Shader Packs` मधून निवडली. इथवर काहीच अडलं नाही.

पण जंगलात शिरलं की गेम अडखळायचा. `K` दाबून शेडर बंद केले की लगेच सुरळीत, म्हणजे भार शेडरचाच. पहिला संशय सावल्यांवर घ्यावा. सावली पडण्यासाठी कार्ड तेच दृश्य सूर्याच्या जागेवरून आणखी एकदा काढतं, त्यामुळे जितक्या लांबच्या सावल्या, तितके जास्त ब्लॉक दोनदा काढावे लागतात.

म्हणून पॅकच्या सेटिंगमध्ये आधी `Low` प्रोफाइल घेतलं आणि मग `Shadow Distance` एकेक पायरी खाली आणलं. प्रत्येक बदलानंतर त्याच झाडाखाली, त्याच दिशेला तोंड करून `F3` मधला एफपीएस पाहायचा. जागा बदलली तर तुलनेला अर्थ नाही. लांबच्या डोंगरावरची सावली सपाट झाली, पण पायाखालची पानांची नक्षी टिकली, आणि खरी मजा तिच्यातच आहे!

शेवटी रेंडर डिस्टन्स ८ चंक केलं. पाण्यातलं प्रतिबिंब मात्र मी हट्टाने ठेवलं. तरीही अडखळलं तर `Potato` प्रोफाइल आहे, फक्त त्यात सावल्या जवळजवळ सोडून द्याव्या लागतात.